रस एक, बिडे तीन

कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीत ओतकामाच्या वेळी गेलात, तर मोठ्या साच्यांकडे बघण्याआधी कोपऱ्यातल्या एका छोट्या साच्याकडे बघा. भट्टीतला रस लेडलमध्ये आला की एक कामगार लांब दांड्याच्या पळीने त्यातला थोडासा रस काढतो आणि वाळूतल्या पाचरीच्या आकाराच्या खोबणीत ओततो. ही पाचर एका बाजूला बोटभर जाड असते आणि निमुळती होत दुसऱ्या टोकाला धारेला मिळते. ती घट्ट होऊन तिचा लालपणा ओसरला की चिमट्याने उचलून पाण्यात बुडवायची आणि ऐरणीवर ठेवून हातोड्याने मोडायची. मग मोडलेली बाजू उजेडाकडे धरायची.

त्या एवढ्याशा तुकड्यात दोन धातू दिसतात. धारेकडे चकचकीत, कणीदार पांढरा पट्टा असतो आणि जाड बाजूला मंद करडा रंग. मधे दोन्हींचा ठिपकेदार मिलाफ असतो. रस एकच, ओतणारा हात एकच, तरीही पातळ भाग झटकन थंड झाला म्हणून पांढरा निघाला आणि जाड भाग सावकाश निवाला म्हणून करडा. पांढरा पट्टा किती मिलिमीटर रुंद आहे, हे मोजून भट्टीवाला ठरवतो की रस साच्यात सोडायचा की त्यात अजून काही घालायचे. याला वेज टेस्ट किंवा चिल टेस्ट म्हणतात. बिडाचा सगळा स्वभाव या मोडलेल्या पाचरीत आहे.

बीड म्हणजे लोखंडात साधारण ३ ते ४ टक्के कार्बन आणि १ ते ३ टक्के सिलिकॉन. पोलादात कार्बन याच्या कितीतरी कमी असतो. एवढ्या कार्बनमुळे बीड ११५० ते १२०० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते, पोलादाला त्यासाठी १५०० अंशांच्या जवळ जावे लागते. बीड पातळ वाहते, साच्याचा प्रत्येक कोपरा भरते, म्हणून तव्यापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत ते वापरले गेले. पण रस घट्ट होताना एवढा कार्बन लोखंडात मावत नाही. तो बाहेर पडतो, आणि कोणत्या रूपात बाहेर पडतो यावर बिडाची जात ठरते.

रस सावकाश थंड झाला आणि सिलिकॉन पुरेसे असले, तर कार्बन ग्राफाइट होऊन वेगळा होतो. पेन्सिलीच्या शिशात असते तेच हे ग्राफाइट. ते लोखंडभर पातळ, वाकड्या पापुद्र्यांच्या रूपात पसरते. मोडल्यावर भेग या पापुद्र्यांवरूनच धावते, त्यामुळे मोडलेली बाजू करडी दिसते. हे करडे बीड, कारखान्यातल्या बोलीत नुसते सीआय. थंड होणे झटपट झाले, किंवा सिलिकॉन कमी पडले, तर कार्बनला वेगळे व्हायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाशी जोडला जाऊन सिमेंटाइट नावाचा काचेइतका कडक संयुग बनतो. हे पांढरे बीड. करड्या बिडाचा ब्रिनेल कडकपणा २०० च्या आसपास असतो, पांढऱ्याचा ४०० च्या वर, काही मिश्रधातूंत ६०० पर्यंत जातो. पांढऱ्या बिडावर ड्रिल चालत नाही, टूलची धार जळते. ते फक्त घासून, म्हणजे ग्राइंडरने, आकाराला आणता येते.

करड्या बिडातले पापुद्रे हा त्याचा गुणही आहे आणि दोषही. कापड दुकानदार ताग्याच्या काठाला कात्रीने एक टीच मारतो आणि मग नुसत्या हाताने कापड सरळ फाडतो. ताण सगळा त्या टिचेच्या टोकाशी गोळा होतो. ग्राफाइटच्या पापुद्र्यांची टोके करड्या बिडात तेच काम करतात. ओढले की ते फारसे न ताणता तुटते, आधी सूचना देत नाही. पण दाबले तर त्या टिचा मिटतात, म्हणून दाबाखाली करडे बीड ओढीच्या तिप्पट-चौपट भार सोसते. यंत्राच्या पायात त्याला बसवतात, त्यामागचे पहिले कारण हेच.

तिसरे बीड वयाने लहान आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात थोडे मॅग्नेशियम घातले, तेव्हा ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोल गाठींच्या रूपात निघाले. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये हेन्टन मॉरो यांनी सिरियम वापरून असाच परिणाम मिळवला. १९४८ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली. गोल गाठीला टोक नसते, त्यामुळे ताण गोळा होत नाही आणि गाठींमधले लोखंड ताणले जाऊ शकते. हे डक्टाइल बीड. आपल्याकडे फौंड्रीत त्याला एसजी म्हणतात आणि पाणीपुरवठ्यात डीआय. एफजी २६० या करड्या ग्रेडचा चाचणी-दांडा दर चौरस मिलिमीटरला किमान २६० न्यूटन ओढ सोसतो आणि जवळजवळ न ताणता तुटतो. एसजी ५००/७ हा ५०० न्यूटन सोसतो आणि तुटण्याआधी किमान ७ टक्के लांबतो.

हे आकडे वाचून कोणालाही वाटेल की मग सगळे एसजीतच का ओतू नये? लहान कारखानदार फौंड्रीवाल्याला हा प्रश्न अनेकदा विचारतात, आणि यंत्राचा बेड घडवणाऱ्याने त्याचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे.

लेथचा बेड घ्या. त्यावर हेडस्टॉक बसतो, कॅरेज सरकतो, टूल धातू कापताना थरथर निर्माण करते. या सगळ्याने बेडमध्ये येणारा ताण करड्या बिडाच्या ताकदीच्या अगदी लहान हिश्शाएवढाच असतो. बेड तुटेल ही भीती मुळातच नसते. भीती असते ती तो वाकेल, कंप पावेल किंवा काही महिन्यांनी वेडावाकडा होईल याची. म्हणजे ५०० न्यूटनची ताकद आपण विकत घेतो आणि ती कधी वापरतच नाही.

कंपाची गोष्ट आधी. करड्या बिडाच्या दांड्यावर हातोडी मारली तर ठप्प असा आवाज येऊन विरतो. तीच हातोडी एसजीच्या दांड्यावर मारली तर तो खणखणतो आणि आवाज रेंगाळतो. पोलाद याहून जास्त वेळ वाजते. करड्या बिडातले पापुद्रे कंपाची ऊर्जा आत घासून उष्णतेत घालवतात, एसजीतल्या गाठी हे काम फार कमी करतात. लेथवर पातळ शाफ्ट कापताना पृष्ठभागावर जी लाटेसारखी खूण उठते, कामगार जिला चॅटर म्हणतात, ती रोखायला बेडचे हे शोषून घेणे कामाला येते. शिवाय गाईडवेवर उघडे पडलेले ग्राफाइट तेल धरून ठेवते, कॅरेज अडखळत नाही.

वाकण्याच्या बाबतीत मात्र एसजीचे पारडे जड आहे, आणि ते कबूल करायला हवे. त्याचा ताठपणा करड्याच्या साधारण दीडपट असतो. पण ताठपणा धातूइतकाच आकारावर ठरतो. आयताकृती छेदाच्या तुळईची उंची ३०० मिलिमीटरवरून ३४५ केली, म्हणजे १५ टक्के वाढवली, तर ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो आणि दीडपटीला पोचतो. धातू न बदलता, फक्त पॅटर्नमध्ये थोडी उंची आणि आत आडव्या-तिरप्या रिब घेऊन हे साधते. करडे बीड साच्यात कमी आकसते, कारण घट्ट होताना बाहेर पडणारे ग्राफाइट जागा भरते. एसजीतही ग्राफाइट फुगते, पण ते वेगळ्या क्रमाने, साच्याच्या भिंतींना ढकलत. त्यामुळे पोकळ्या टाळायला मोठे रायझर आणि कडक साचे लागतात. त्यात मॅग्नेशियमचा खर्च वेगळा. एवढे करून बेडला मिळणार काय, हा हिशेब मांडला की उत्तर बहुतेक वेळा करड्याच्याच बाजूने येते. जिथे यंत्राचा सांगाडा खरोखर ओढला जातो, उदाहरणार्थ प्लास्टिक इंजेक्शन मोल्डिंग यंत्राच्या प्लेटा किंवा पवनचक्कीचा हब, तिथे मात्र एसजीला पर्याय नाही.

करड्या बेडचे खरे दुखणे दुसरीकडे असते. गाईडवे जाड, रिब पातळ. पातळ भाग आधी घट्ट होऊन कडक होतो, जाड भाग मागाहून आकसू पाहतो आणि त्याला आकसायला मिळत नाही. बेडच्या पोटात ताण अडकून राहतो. प्लेनरवर गाईडवेचा वरचा थर काढला की हा ताण मोकळा होतो आणि काल सपाट असलेला बेड दुसऱ्या दिवशी डायलवर वाकलेला दिसतो. म्हणून चांगला बेड ओतल्यावर भट्टीत ५५० अंशांच्या आसपास तापवून, जाडीच्या दर २५ मिलिमीटरला सुमारे एक तास या हिशेबाने ठेवून, भट्टीतच सावकाश निववतात. पूर्वी बेड कारखान्याच्या आवारात उन्हापावसात कित्येक महिने पडू देत. घाई असलेला पुरवठादार नेमकी हीच पायरी गाळतो. यंत्र घेताना उष्णता-प्रक्रियेचा दाखला मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

दुसरे दुखणे त्या मोडलेल्या पाचरीत दिसले होते. बेडच्या रिबची कड, पातळ फ्लँज किंवा बोल्टच्या कानाचा कोपरा झटकन थंड होऊन पांढरा होऊ शकतो. बाहेरून काही कळत नाही. कळते ते ड्रिल चालवताना: बिट किंचाळते, टोक निळे पडते, पुढे जात नाही. कामगार म्हणतो, कास्टिंग हार्ड आलंय. कारण शोधायला मागे जावे लागते. रसात कार्बन-सिलिकॉन कमी होते का, भंगारातून क्रोमियम आले का, वाळू जास्त ओली होती का? उपाय म्हणजे ओतण्याच्या अगदी शेवटी रसात फेरोसिलिकॉनचे बारीक दाणे टाकणे, वजनाच्या साधारण ०.२ ते ०.३ टक्के. या दाण्यांभोवती ग्राफाइट जमायला सुरुवात होते. याला इनॉक्युलेशन म्हणतात. पण त्याचा असर काही मिनिटेच टिकतो. लेडल रेंगाळली की पुन्हा पाचर पांढरी निघते.

आता जमिनीखालच्या नळांकडे वळू. इथे निकाल उलटा लागतो.

भारतात बिडाचे नळ जुने आहेत. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मुंबईत आणले गेले, तेव्हाही ते काम बिडाच्या नळांनीच केले. त्या काळचे करडे नळ वाळूच्या साच्यात ओतलेले, जाड भिंतीचे, वितळलेल्या शिशाच्या सांध्यांनी जोडलेले असत. आतल्या पाण्याचा दाब त्यांनी उत्तम सोसला. त्यांचा घात केला तो वाकण्याने. विशेषतः काळ्या मातीत, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पाडते. नळाचा एक भाग उचलला जातो, शेजारचा खचतो आणि १०० किंवा १५० मिलिमीटर व्यासाचा करडा नळ गोल कडीत चरचरून तुटतो. वरून ट्रक गेला तरी हेच. नळाला दाब नाही, वाक सोसायचा असतो आणि वाकण्यात एक बाजू नेहमी ओढली जाते. पापुद्र्यांच्या टिचा तिथे उघडतात.

डक्टाइल नळ वाकतो, पण तुटत नाही. भारतीय मानक आयएस ८३२९ प्रमाणे नळाचा धातू दर चौरस मिलिमीटरला किमान ४२० न्यूटन ओढ सोसायला हवा आणि नेहमीच्या व्यासांत तुटण्याआधी किमान १० टक्के लांबायला हवा. भिंतीच्या जाडीचे सूत्र साधे आहे:

e = K (0.5 + 0.001 DN)

यात e म्हणजे जाडी, DN म्हणजे नळाचा नाममात्र व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. K हा नळाचा वर्ग. ३०० मिलिमीटरचा के-९ नळ घेतला तर ९ गुणिले ०.८ म्हणजे ७.२ मिलिमीटर. याच मापाचा जुन्या मानकातला हलक्या वर्गाचा करडा नळ १० मिलिमीटरच्या जवळपास जाड असे. नुसत्या नळीचे वजन मांडले तर डक्टाइल मीटरला सुमारे ५१ किलो, करडा सुमारे ७० किलो. साडेपाच मीटरच्या एका नळात शंभर किलोचा फरक पडतो. मॅग्नेशियमचा खर्च इथे वजनात भरून निघतो. रबरी रिंगचा सांधा असल्यामुळे हा नळ सांध्यात तीन ते पाच अंश वळूही शकतो, काळी माती हलली तरी तो तिच्याबरोबर थोडा सरकतो.

हा नळ तयार होताना मात्र त्याला एकदा पांढरे व्हावे लागते. बहुतेक डक्टाइल नळ फिरत्या धातूच्या साच्यात ओतले जातात. दिमित्री सेंसो द लावो यांनी ब्राझीलमध्ये शंभर वर्षांपूर्वी सुरू केलेली ही पद्धत. साचा पाण्याने थंड ठेवलेला, वेगाने फिरणारा. त्यात रस पडला की बाहेरचा थर क्षणात घट्ट होतो. एवढ्या वेगाने थंड झाल्यावर काय होणार हे पाचरीने आधीच सांगितले आहे: ग्राफाइटला वेळ मिळत नाही आणि नळाची भिंत पांढऱ्या बिडाने भरते. असा नळ तसाच पुरला तर करड्यापेक्षाही ठिसूळ ठरेल. म्हणून तो ९५० अंशांच्या आसपासच्या लांब भट्टीतून हळूहळू नेतात. सिमेंटाइट फुटते, कार्बन गाठींवर जाऊन बसतो आणि भोवतीचे लोखंड मऊ होते. ही भट्टी घाईने पार केली तर नळ कडक राहतो. म्हणून मानकात ताकदीबरोबर कडकपणाची वरची मर्यादाही आहे: ब्रिनेल २३०. नळावर कडकपणा जास्त असणे हे तक्रारीचे कारण आहे.

गाठींचेही एक वेळापत्रक असते. मॅग्नेशियम सुमारे ११०० अंशांना उकळते आणि रस त्याहून कितीतरी तापलेला, त्यामुळे लेडलच्या तळाशी ठेवलेल्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूवर रस पडला की डोळे दिपवणारा पांढरा झोत आणि धूर उसळतो. त्यातले बरेचसे जळून जाते. रसात ०.०३ ते ०.०६ टक्के एवढेच उरायला हवे आणि तेही मिनिटागणिक कमी होत राहते. गंधक असला तर मॅग्नेशियम आधी त्याच्यावरच खर्ची पडते, म्हणून एसजीच्या रसात गंधक ०.०२ टक्क्यांच्या खाली ठेवतात. ओतायला उशीर झाला तर शेवटच्या साच्यांत गाठींऐवजी अर्धवट पापुद्रे निघतात. कागदावर एसजी, प्रत्यक्षात करडे. हे ओळखायला मोडलेली बाजू बघावी, एसजी उजळ दिसते, करडे काळपट. दुकानात हातोडीचा आवाज उपयोगी पडतो. खात्री हवी तर तुकडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली गाठी मोजाव्यात.

गंजाच्या बाबतीत दोन्ही नळांना मर्यादा आहेत. करडा नळ ओल्या, खारट मातीत वर्षानुवर्षे राहिला की लोखंड विरघळून निघून जाते आणि पापुद्र्यांचे जाळे जागच्या जागी राहते. नळ अखंड दिसतो, रंग, आकार, शिवण सगळे शाबूत. पण त्यावर साधा चाकू चालवला की काळी भुकटी निघते, जी कागदावर शिसपेन्सिलीसारखी उठते. अशा नळावर नवी जोडणी घ्यायला क्लॅम्प आवळला की तो तिथेच फुटतो. पालिकेच्या जुन्या भागात रस्ता खणताना असा नळ दिसला, तर सोपा उपाय म्हणजे चाकूने खरवडून बघणे. डक्टाइलची भिंत पातळ असल्यामुळे तिथे गंजाला कमी वाव द्यावा लागतो: बाहेर जस्ताचा मुलामा आणि त्यावर रंग, आत सिमेंटचे अस्तर, खराब मातीत वरून पॉलिथिनची पिशवी. नळ टाकताना ती पिशवी फाटली तर तिथेच गंज सुरू होतो.

पांढऱ्या बिडाला नळात एकच मानाची जागा आहे. औष्णिक वीज केंद्रात राख पाण्यात कालवून नळाने तलावाकडे पाठवतात. ही राख सरळ नळापेक्षा वळणाच्या बाहेरच्या बाजूला जास्त घासते. साधे वळण लवकर भोके पडून जाते. तिथे निकेल-क्रोमियम घातलेल्या पांढऱ्या बिडाचे वळण बसवतात, जे पापुद्रे नसल्याने आणि सिमेंटाइटने भरल्याने घासणे दीर्घ काळ सोसते. मैदा दळणाऱ्या रोलर मिलचे रूळ याच तत्त्वावर: बाहेर पांढरे, आत करडे. पण अशा वळणावर घणाचा घाव घातला किंवा बोल्टच्या भोकाला ड्रिल लावले तर ते तडकते. भोके ओततानाच ठेवावी लागतात.

शेवटी यंत्र बाळगणाऱ्यांसाठी एक सूचना. करड्या बिडाचा बेड तडकला तर गल्लीतल्या वेल्डरकडून साध्या रॉडने तो जोडून घेऊ नका. वेल्डच्या कडेला लागलेला बीड झटकन थंड होऊन पांढरे होते आणि दुसरी भेग तिथूनच धावते, बहुतेक वेळा वेल्ड निवतानाच. निकेल रॉड, तुकड्यातुकड्याने छोटी धाव आणि प्रत्येक धावेनंतर हलकी ठोक, किंवा बेड आधी तापवून नंतर सावकाश निववणे, एवढे करणारा कारागीर मिळत नसेल, तर तडकलेला भाग पट्टी आणि बोल्टने आवळून घ्या.